'मेहनती आणि वक्तशीर' एवढ्यावर भागत नाही : निघणाऱ्या इंटर्नचं शिफारसपत्र

जून संपत आला की लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सर, मला एक लेटर मिळेल का?" इंटर्नशिप संपलेली असते, परतीची बस ठरलेली असते आणि पुढच्या अर्जात रेफरी म्हणून कुणाचं तरी नाव द्यायचं असतं. आपल्याकडे बहुतेक वेळा गाइड हे काम पीएचडी करणाऱ्याकडे ढकलतात. "तूच तिच्यासोबत होतास, मसुदा तू कर, मी बघून सही करतो." म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहीजण आज पत्र मागणार आहेत आणि तीन वर्षांनी तेच दुसऱ्याच्या पत्राचा मसुदा करणार आहेत. दोन्ही बाजूंनी उपयोग व्हावा म्हणून एक पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधून दाखवतो.

आधी एक घोळ निस्तरू. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र वेगळं आणि शिफारसपत्र वेगळं. नव्या अभ्यासक्रमात एमएस्सीच्या मुलांना चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे साधारण १२० तासांचं काम करावं लागतं. त्यासाठी कॉलेजला जे लागतं ते प्रमाणपत्र : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक विषयावर काम केलं, वर्तणूक चांगली. ते विद्यार्थ्याच्या हातात दिलं जातं आणि फाइलला लागतं. शिफारसपत्राचं काम निराळं असतं. ते निवड समितीतल्या माणसाच्या एका प्रश्नाचं उत्तर असतं : ही व्यक्ती माझ्या लॅबमध्ये आली तर काय करेल? बहुतेक ठिकाणी ते विद्यार्थ्याच्या हातात येतही नाही. रेफरीच्या ईमेलवर लिंक येते आणि तिथून ते थेट पोचतं. वर्ध्याकडून गेलेली बरीच पत्रं या दोहोंच्या मधे अडकतात. नाव शिफारसपत्राचं, मजकूर प्रमाणपत्राचा.

वाचणारा तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या गाइडलाही ओळखत नाही

१९४८ साली कार्नेगीच्या रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला जॉन नॅशसाठी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दोन-तीन वाक्यांचं पत्र, त्यात मुद्द्याचं एकच : हा मुलगा गणितातला जीनियस आहे. ते चाललं, कारण डफिन कोण हे वाचणाऱ्याला माहीत होतं. असा शब्द हे माणूस उगाच वापरणार नाही, हा भरवसा आधीच होता.

आता आपली परिस्थिती बघा. वर्ध्याच्या एका लॅबमधून पत्र बेंगळुरू, पुणे किंवा मोहालीला जातं. गाइडांचं काम कितीही चांगलं असलं, तरी समितीतल्या पाच जणांपैकी चौघांनी त्यांचं नाव ऐकलेलं नसतं. मग 'उत्कृष्ट' या शब्दाला वजन कुठून येणार? डफिनना जे नावावर मिळालं ते आपल्याला पुराव्यानं मिळवावं लागतं. पत्रात काय घडलं ते इतकं नेमकं लिहायचं, की वाचणारा स्वतःच म्हणेल, "हे चांगलं काम आहे." विशेषण त्याला सुचू द्या. आपण प्रसंग द्यायचा.

उदाहरण : ४८ विहिरी आणि एक ताळा

पुढची इंटर्न रचलेली आहे आणि तिच्या विहिरींचे आकडेही रचलेले आहेत. रसायन आणि गणित मात्र खरं आहे, कुणीही वहीवर करून बघू शकतं.

समजा एमएस्सी केमिस्ट्रीची एक विद्यार्थिनी आठ आठवड्यांसाठी आली. प्रकल्प भूजलाचा. सेलू आणि देवळी तालुक्यांतल्या ४८ विहिरींचं पावसाळ्याआधीचं पाणी तपासायचं. पीएच आणि विद्युतवाहकता विहिरीवरच. बाकी लॅबमध्ये : कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए टायट्रेशननं, सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर, क्लोराइड आणि बायकार्बोनेट टायट्रेशननं, सल्फेट आणि नायट्रेट स्पेक्ट्रोफोटोमीटरवर. हे काम तिला सांगितलं होतं आणि तिनं ते केलं. एवढंच पत्रात लिहिलं तर ते प्रमाणपत्र झालं.

आता तिनं न सांगता काय केलं ते बघा. पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांचा भार सारखा असायला हवा, कारण पाण्याला स्वतःचा विद्युतभार नसतो. म्हणून सगळे आयन मिलिइक्विव्हॅलंटमध्ये आणून बेरजा जुळतात का बघतात. दोन बेरजांतला फरक एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत असला तर मोजणी ठीक, असा सर्वसाधारण नियम. ४८ पैकी ११ विहिरींचा ताळा ५ टक्क्यांच्या बाहेर गेला. असं झालं की बरेचजण त्या विहिरी 'पुन्हा तपासणे' अशा शेऱ्याखाली ढकलतात. हिनं एक गोष्ट हेरली : अकराही ठिकाणी चूक एकाच बाजूची होती. धन आयन जास्त, ऋण आयन कमी. हाताची चूक असती तर ती दोन्ही बाजूंना विखुरली असती. एकाच बाजूला झुकली म्हणजे एखादा ऋण आयन पद्धतशीरपणे कमी मोजला जातोय.

मग तिनं ताळ्याची चूक प्रत्येक आयनासमोर मांडून पाहिली. नायट्रेट वाढेल तशी चूक वाढत होती. तिनं नायट्रेटच्या स्टँडर्डची बाटली काढली. लेबलवर लिहिलं होतं : पोटॅशियम नायट्रेट ०.७२१८ ग्रॅम प्रति लिटर. लॅबच्या पुस्तकातलं हे नेहमीचं प्रमाण आहे, पण त्यातून लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो, १०० मिलिग्रॅम नायट्रेट नाही. १०० मिलिग्रॅम नायट्रेट हवं असेल तर ०.१६३ ग्रॅमच पुरतं. म्हणजे यंत्र देत होतं ते 'नायट्रेटच्या रूपातला नायट्रोजन' आणि वर्षानुवर्षं पुढे चालत आलेल्या तक्त्याचं शीर्षक होतं नुसतं 'नायट्रेट'. दोहोंतला गुणक ६२ भागिले १४, म्हणजे ४.४३.

एका विहिरीचं गणित बघू. धन आयनांची बेरीज ११.८९. ऋण आयनांत बायकार्बोनेट ६, क्लोराइड ३, सल्फेट १ आणि नायट्रेट १८ मिलिग्रॅम धरून ०.२९, एकूण १०.२९. फरक १.६०, दोन्ही बेरजा मिळून २२.१८, चूक ७.२ टक्के. आता १८ हा नायट्रोजन आहे असं धरा. नायट्रेट झालं जवळपास ८० मिलिग्रॅम, म्हणजे १.२९ मिलिइक्विव्हॅलंट. चूक २.६ टक्क्यांवर आली.

हा फक्त ताळा जुळवण्याचा खेळ नव्हता. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जुन्या तक्त्यात १८ लिहिलेली विहीर निर्धोक दिसत होती. खरा आकडा ८०. वरच्या दुधात हे पाणी वापरलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. आमच्या रचलेल्या उदाहरणात दुरुस्तीआधी ४५ च्या वर एकही विहीर नव्हती, दुरुस्तीनंतर १७ निघाल्या.

अकरापैकी नऊ विहिरी अशा सुटल्या. दहावीत सल्फेट कॅलिब्रेशनच्या टप्प्याबाहेर गेलं होतं. पाणी पातळ करून पुन्हा मोजल्यावर तीही जुळली. अकरावी सुटली नाही. तिनं अहवालात लिहिलं, "या नमुन्याचा ताळा जुळत नाही. कारण सापडलं नाही. निष्कर्षात धरलेला नाही."

कच्चा माल निघण्याआधी गोळा करा

हे तपशील दोन महिन्यांनी कुणालाही आठवत नाहीत. गाइडला आठवतं, "हो हो, पाण्यावाली मुलगी, चांगली होती." म्हणून पत्राचं खरं काम इंटर्नच्या शेवटच्या आठवड्यात होतं. तिची नोंदवही समोर घेऊन अर्धा तास बसायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं तारखेसकट काढायची.

पहिला प्रश्न : काय सांगितलं होतं आणि त्यापलीकडे काय झालं? ही रेघ फार महत्त्वाची. ४८ विहिरी तपासणं सांगितलेलं होतं. चुकीची दिशा बघणं तिचं स्वतःचं. नोंदवहीत हे कळतं, कारण सांगितलेल्या कामाच्या पानावर प्रोटोकॉल असतो आणि स्वतःच्या विचाराच्या पानावर प्रश्नचिन्हं आणि खाडाखोड असते.

दुसरा प्रश्न : यात माझा आणि इतरांचा हात किती? बाटलीचं लेबल तिनं पाहिलं. पण ४.४३ चा गुणक तिनं काढला की शेजारच्या टेबलवरच्या कुणी सांगितला? सांगितला असेल तर तसं लिहायचं. 'आम्ही शोधलं' आणि 'तिनं शोधलं' यांत वाचणाऱ्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि चुकीचं क्रियापद मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. समिती पत्रातलीच गोष्ट विचारते : "ती चूक एकाच बाजूला आहे हे कशावरून महत्त्वाचं वाटलं?" तिनं केलेलं असेल तर ती सांगेल. नसेल तर पत्रानं तिलाच खड्ड्यात घातलं.

तिसरा प्रश्न : काय जमलं नाही? समजा, फ्लेम फोटोमीटर तिनं एकटीनं कधी लावला नाही, कायम कुणीतरी सोबत होतं. अहवालाचा पहिला मसुदा विस्कळीत होता, दोनदा परत करावा लागला. तिसरा चांगला होता.

उत्तरं एका पानावर लिहा, गाइडला द्या आणि एक प्रत इंटर्नला दाखवा. पत्र गुप्त असतं, पण घटनांची ही यादी गुप्त ठेवायचं कारण नाही. तारीख किंवा आकडा चुकला असेल तर तीच दुरुस्त करेल. मत द्यायचं ते नंतर, गाइडनं.

एक वाक्य कसं वाढतं

मसुद्यात पहिलं वाक्य साधारण असं येतं : 'ती अत्यंत मेहनती असून तिची विश्लेषणक्षमता उत्तम आहे.' या वाक्यावर एक चाचणी करा. नाव बदलून हेच वाक्य गेल्या वर्षीच्या इंटर्नच्या पत्रात टाकलं तर खोटं ठरेल का? ठरत नसेल तर ते कुणाबद्दलच काही सांगत नाही.

दुसरा प्रयत्न : 'तिनं माहितीतली एक मोठी चूक शोधून काढली.' हे बरं, पण वाचणाऱ्याला चूक केवढी आणि शोधणं किती अवघड ते कळत नाही. टायपिंगची चूकही चूकच असते.

तिसरा : 'अकरा नमुन्यांचा आयन ताळा जुळत नव्हता. चूक एकाच बाजूची आहे हे तिच्या लक्षात आलं. त्यावरून तिनं नायट्रेटच्या एककातला घोळ शोधला.' आता चाचणी पुन्हा लावा. हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या पत्रात जाऊच शकत नाही. शिवाय 'विश्लेषणक्षमता' हा शब्द न वापरता ती दिसली.

असं उदाहरण पत्रात एक पुरे, फार तर दोन. पाच उदाहरणं घातली की प्रत्येकाला एकच ओळ मिळते आणि सगळं पुन्हा यादीसारखं होतं. दुसरं उदाहरण निवडायचं तर वेगळ्या जातीचं निवडा. पहिल्यात डोकं दिसलं, तर दुसऱ्यात प्रामाणिकपणा किंवा माणसांशी वागणं. न सुटलेली अकरावी विहीर इथे कामाला येते.

पूर्ण पत्र

प्रत्यक्षात हे इंग्रजीत जातं. रचना दिसावी म्हणून मराठीत देतो.

"निवड समितीस,

ही विद्यार्थिनी मे आणि जून महिन्यांत आठ आठवडे माझ्या गटात इंटर्न होती. तिचं रोजचं काम माझ्या एका पीएचडी विद्यार्थ्यानं पाहिलं. मी तिला दर सोमवारच्या बैठकीत भेटत होतो, तिची नोंदवही दोनदा पूर्ण वाचली आहे आणि शेवटचा अहवाल तपासला आहे. खालील मजकूर यावर आधारलेला आहे.

सेलू आणि देवळी तालुक्यांतल्या ४८ विहिरींच्या पाण्याचं रासायनिक विश्लेषण हे तिचं काम होतं. ते तिनं मुदतीत पूर्ण केलं. पण मी हे पत्र लिहितो आहे ते त्यानंतर घडलेल्या गोष्टीमुळे. अकरा नमुन्यांत धन आणि ऋण आयनांचा ताळा ५ टक्क्यांच्या आत येत नव्हता. हे नमुने पुन्हा मोजण्याची सूचना तिला दिली होती. मोजण्याआधी तिनं चुकीची दिशा पाहिली आणि ती सर्व अकरा नमुन्यांत सारखीच असल्याचं दाखवलं. मग चूक नायट्रेटच्या प्रमाणात वाढते हे आलेखावर मांडलं आणि आमचं स्टँडर्ड द्रावण नायट्रोजनच्या एककात असून तक्ता नायट्रेटच्या एककात आहे, असा निष्कर्ष काढला. नवं द्रावण करून तिनं तो पडताळला. इथवर तिला कुणाची मदत नव्हती. या दुरुस्तीमुळे पिण्यायोग्य पाण्याची मर्यादा ओलांडणाऱ्या विहिरींची संख्या शून्यावरून १७ वर गेली. तो तक्ता आम्ही आता बदलला आहे.

एका विहिरीचा ताळा अखेरपर्यंत जुळला नाही. ती वगळली असती तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. तिनं ती अहवालात ठेवली आणि कारण सापडलं नाही असं स्पष्ट लिहिलं.

उपकरणं स्वतंत्रपणे हाताळण्याचा तिचा अनुभव मर्यादित आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर ती एकटी चालवते, फ्लेम फोटोमीटरला तिला मदत लागत होती. तिचं लेखन सुरुवातीला विस्कळीत होतं. अहवालाच्या तिसऱ्या मसुद्यात ते बरंच सुधारलं आणि सुचवलेल्या दुरुस्त्यांमागचं कारण ती विचारत असे.

गेल्या चार वर्षांत माझ्याकडे नऊ इंटर्न आले. मोजणीवर शंका घेऊन ती तडीस नेण्याच्या बाबतीत ती त्यांत पहिली आहे. पीएचडीसाठी ती माझ्याकडे आली तर मी तिला घेईन."

हे मराठीत साडेतीनशे शब्दांच्या आत बसतं, इंग्रजीत टाइप केलं की साधारण एक पान.

या पत्रातल्या चार जागा

पहिला परिच्छेद बघा. गाइडनं आपण किती जवळून पाहिलं ते कबूल केलं आहे. रोजचं काम दुसऱ्यानं पाहिलं हे लिहिल्यानं पत्र हलकं होत नाही. उलट 'मी नोंदवही वाचली आहे' या वाक्याला किंमत येते. सही करणाऱ्यानं न पाहिलेली गोष्ट 'मी पाहिलं' म्हणून लिहायची नाही. पीएचडी विद्यार्थ्यानं पाहिलं असेल तर त्याच्या नावावर लिहावी.

मर्यादेचा परिच्छेद अनेकजण गाळतात. वाटतं, कशाला उगाच मुलीचं नुकसान? पण सगळंच गोड असलेलं पत्र वाचणारा आपल्या मनानं सवलत कापून वाचतो. दाखवता येणारी, शिकून भरून निघणारी मर्यादा लिहिली की बाकीची स्तुतीही मोजूनमापून केली आहे हे पटतं. मात्र मर्यादा नेमकी हवी. 'तिला अजून सुधारणेला वाव आहे' हे सगळ्यात वाईट वाक्य. त्यात वाचणारा हवी ती भीती भरतो. आणि जी उणीव खरोखर गंभीर आहे, उदाहरणार्थ आकडे बनवणं, ती पत्रात हळुवार शब्दांत लिहिण्याची गोष्टच नाही. अशा वेळी गाइडनं पत्र द्यायला नकार द्यावा आणि तो वेळेत द्यावा, म्हणजे विद्यार्थ्याला दुसरा रेफरी शोधता येईल.

तुलना करताना संख्या सांगितली आहे : नऊ इंटर्न, चार वर्षं. अनेक ऑनलाइन फॉर्ममध्ये 'पहिले ५ टक्के, पहिले १० टक्के' असे गोल असतात. नऊ जणांत ५ टक्के कसे काढणार? आपला छोटा गट उघड सांगितला तर कुणी हसत नाही. 'मी पाहिलेल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक' हे मात्र सगळेच लिहितात, म्हणून ते कुणी वाचत नाही. शिवाय ती कशात पहिली, हेही ठरवून सांगितलं आहे. सगळ्यात पहिली म्हटलं असतं तर मर्यादेच्या परिच्छेदाशी भांडण झालं असतं.

शेवटचं वाक्य छोटं आहे, पण समिती तेच शोधत असते. 'तिला पुढील वाटचालीस शुभेच्छा' हे निरोप समारंभातलं वाक्य झालं. 'मी तिला घेईन' ही जबाबदारी आहे. गाइडला हे वाक्य लिहावंसं वाटत नसेल, तर ते मसुद्यात घुसवू नका.

मुलींच्या पत्रात घसरणारे शब्द

'मेहनती, वक्तशीर, मनमिळाऊ, सुस्वभावी' हे शब्द मसुद्यात आले की एकदा थांबा. २००३ मध्ये ट्रिक्स आणि सेंका यांनी अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलमधली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली. स्त्रियांची पत्रं सरासरीनं आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाचे शब्द जास्त आणि शंका पेरणारी वाक्यंही जास्त होती. २०१६ मध्ये कुहेली दत्त आणि सहकाऱ्यांनी भूविज्ञानातल्या पोस्टडॉक अर्जांसाठी ५४ देशांतून आलेली १,२२४ पत्रं पाहिली. तिथे स्त्री उमेदवारांना 'उत्कृष्ट' दर्जाचं पत्र मिळण्याची शक्यता पुरुषांच्या तुलनेत साधारण निम्मी होती आणि पत्र लिहिणारा पुरुष की स्त्री यानं फरक पडत नव्हता.

आपल्या उदाहरणात हे कसं घडलं असतं ते सहज दिसतं. '४८ विहिरींचे नमुने तिनं चिकाटीनं तपासले' हे खरंच आहे आणि कौतुकाचंच आहे. पण त्याच पत्रात नायट्रेटचा शोध 'आमच्या गटाच्या लक्षात आलं' असा गेला, तर चिकाटी तिच्या वाट्याला आणि डोकं गटाच्या वाट्याला. उपाय शब्दांची यादी जवळ ठेवणं हा नाही. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण, हे नोंदवहीशी पडताळणं हा आहे.

पत्र मागताना काय द्यायचं

आता इंटर्नच्या बाजूनं. शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी मागा आणि विचारताना "लेटर द्याल का" याऐवजी "माझ्या कामाबद्दल तपशिलात लिहिता येईल का" असं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या आणि दुसऱ्याला विचारा. होकार आला तर एकाच ईमेलमध्ये वरचं घटनांचं पान, अंतिम अहवाल, कोर्सचं नाव, शेवटची तारीख आणि लिंक कोणत्या ईमेलवर येणार ते पाठवा. गाइडांचा संस्थेचा ईमेल द्या. खासगी पत्ता अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत आणि लिंक स्पॅममध्ये पडली की कुणालाच कळत नाही. तारखेच्या चार दिवस आधी एक आठवण पुरे.

कधी कधी गाइड म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." पूर्ण पत्र लिहून नेऊ नका. स्वतःबद्दल 'नऊ जणांत पहिली' हे तुम्ही लिहूच शकत नाही, ते तुम्हाला माहीत नसतं. घटनांचं पान न्या आणि सांगा, "सर, काय काय केलं ते तारखेनिशी लिहिलंय, मत तुमचं लिहा." यानं त्यांचं काम अर्धं होतं आणि पत्र त्यांचंच राहतं.

आणि हे पान उभं राहतं ते नोंदवहीवर. चूक एकाच बाजूला झुकलीय हे ज्या दिवशी दिसलं, त्या दिवशीची तारीख आणि 'असं का?' एवढे दोन शब्द वहीत असतील, तर पत्रातला सगळ्यात मोलाचा परिच्छेद लिहिता येतो. नसतील तर उरतं ते 'मेहनती आणि वक्तशीर'.